पोकर साहेबांची फेटाळलेली दुरुस्ती

मागे एका कार्यक्रमानंतर चहा घेताना एका सद्गृहस्थांनी मला सहज विचारलं, "घटना समितीत मुस्लिम सभासदांनी शेवटी काय मागितलं? स्वतंत्र मतदारसंघ आणि पर्सनल लॉ, एवढंच ना?" प्रश्नात खवचटपणा नव्हता. त्यांना खरोखरच तेवढंच माहीत होतं. आपल्यातल्या कितीतरी शिकलेल्या लोकांनाही तेवढंच माहीत असतं. मी त्यांना 24 मे 1949 या दिवसाबद्दल सांगायला लागलो, पण चहा संपला आणि विषय अर्धवट राहिला. तो आज पूर्ण करतो.

त्या दिवशी घटना समितीपुढे मसुद्यातलं कलम 103 होतं, म्हणजे आजचं कलम 124. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश कोणी नेमायचे, हा त्यातला प्रश्न होता. मसुद्यात म्हटलं होतं की राष्ट्रपती नेमणूक करतील आणि सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करतील. राष्ट्रपती म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मद्रास प्रांतातून मुस्लिम जागेवर निवडून आलेले बी. पोकर साहेब उभे राहिले आणि त्यांनी दुरुस्ती मांडली: सरन्यायाधीशांचा नुसता सल्ला पुरेसा नाही, त्यांची संमती हवी. मद्रासचेच महबूब अली बेग यांनीही याच आशयाची दुरुस्ती मांडली. हे दोघे तेच, ज्यांची नावं पर्सनल लॉच्या चर्चेत हमखास येतात. स्वतंत्र मतदारसंघाची मागणीही ऑगस्ट 1947 मध्ये पोकर साहेबांनीच मांडली होती. पण या दिवशी त्यांनी आपल्या समाजासाठी वेगळं काही मागितलं नाही. पोकर साहेबांचं म्हणणं असं होतं की आपली नेमणूक सत्तेवरच्या पक्षाच्या मर्जीवर अवलंबून आहे, असं न्यायाधीशाला वाटता कामा नये. बेग यांनी तेच आणखी रोखठोक मांडलं. राष्ट्रपती पक्षाच्या बळावर निवडून येणार, ज्यांच्या सल्ल्याने ते चालणार ते पंतप्रधानही पक्षाचेच. मग पक्षाबाहेरचा एक तरी माणूस होकार द्यायला हवा, आणि तो सरन्यायाधीश.

दुसऱ्या बाजूने प्रा. के. टी. शहा आणि इतर काही सभासदांना ही सत्ता संसदेच्या सभागृहाकडे काही अंशी जावी असं वाटत होतं. उत्तराला डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यांनी तिन्ही वाटा मोजून दाखवल्या. इंग्लंडमध्ये राजाच्या नावाने मंत्री नेमणूक करतात, त्यावर काही बंधन नाही. अमेरिकेत सिनेटची मंजुरी लागते, त्यात राजकारण शिरतं. आपला मसुदा मधली वाट धरतो. मग सरन्यायाधीशांच्या संमतीबद्दल ते म्हणाले की सरन्यायाधीश मोठा माणूस असेल हे खरं, पण तोही माणूसच आहे. आपल्यासारखेच त्याला दोष आहेत, भावना आहेत, पूर्वग्रह आहेत. जो नकाराधिकार आपण राष्ट्रपतीला किंवा सरकारला द्यायला तयार नाही, तो एका सरन्यायाधीशाला देणं धोक्याचं आहे. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. 'सल्लामसलत' हा शब्द राहिला, 'संमती' बाहेर गेली.

पुढची सत्तर वर्षं याच दोन शब्दांमधल्या जागेत भांडण चाललं. ते समजून घ्यायचं तर आधी घटनेने कोणता दरवाजा भक्कम केला होता ते पाहावं लागेल.

घटनाकारांनी न्यायाधीशाला खुर्चीवरून काढण्याचा दरवाजा अतिशय जड केला. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश पासष्टाव्या वर्षापर्यंत राहतो. त्याला काढायचं तर गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हावी लागते आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांत, प्रत्येकात एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत, असा ठराव एकाच अधिवेशनात मंजूर व्हावा लागतो. 1968 च्या कायद्याने त्याची रीत ठरवली. लोकसभेच्या शंभर किंवा राज्यसभेच्या पन्नास सदस्यांच्या सह्या, मग तिघांची चौकशी समिती, आणि तिने दोष दिला तरच मतदान. हा दरवाजा किती जड आहे ते मे 1993 मध्ये दिसलं. न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावर चौकशी समितीने सरकारी पैशाच्या वापरावरून ठपका ठेवला होता. लोकसभेत ठरावाच्या बाजूने 196 मतं पडली, विरोधात एकही नाही. तरीही ठराव पडला, कारण 205 सदस्य सभागृहात असून तटस्थ राहिले.

म्हणजे न्यायाधीशाला काढणं जवळजवळ अशक्य. सरकारला एखादा न्यायाधीश नकोसा झाला, तर समोरच्या दाराने जाण्यात अर्थ नव्हता. पण घटनेत तीन मागची दारं राहून गेली होती आणि तिन्हींवर कुलूप म्हणून 'सल्लामसलत' हा एकच शब्द होता. एक दार बढतीचं, एक बदलीचं, आणि एक तात्पुरत्या नेमणुकीचं.

बढतीचं दार 1973 मध्ये उघडलं. 24 एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल सात विरुद्ध सहा असा लागला आणि संसद घटनेचा मूळ ढाचा बदलू शकत नाही असं ठरलं. लगेच सरकारने सरन्यायाधीशपदासाठी न्या. शेलाट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तिघांची सेवाज्येष्ठता डावलून न्या. ए. एन. राय यांना नेमलं. डावललेले तिघेही सरकारविरुद्ध मत देणाऱ्या सात जणांत होते, राय उरलेल्या सहांत. तिघांनी राजीनामे दिले. घटनेचं एकही कलम मोडलं नव्हतं. सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशच सरन्यायाधीश व्हावा, असं घटनेत कुठे लिहिलेलंच नाही.

हेच पुन्हा जानेवारी 1977 मध्ये झालं. आणीबाणीत नागरिकाला बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात जाता येतं की नाही, या प्रश्नावर पाच न्यायाधीशांपैकी एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी 'येतं' असं म्हटलं होतं. सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती. ते पद न्या. मिर्झा हमीदुल्ला बेग यांना मिळालं आणि खन्नांनी राजीनामा दिला. न्या. बेग बहुमतात होते. हे मी मुद्दाम इथे नोंदवतो, कारण अन्यायाच्या गोष्टी सांगताना आपण आपलं नाव फक्त अन्याय झालेल्यांच्या यादीत शोधतो. या प्रसंगात ते दुसऱ्या यादीत आहे.

बदलीचं दार आणीबाणीतच उघडलं. कलम 222 प्रमाणे राष्ट्रपती सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करून उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची बदली करू शकतात. तोवर संमती घेऊनच बदली करायची रीत होती. 1976 मध्ये सोळा न्यायाधीशांना न विचारता दुसऱ्या राज्यांत पाठवलं गेलं. गुजरातचे न्या. संकलचंद शेठ आंध्रला गेले खरे, पण त्यांनी त्या आदेशाला आव्हानही दिलं. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायाधीशाची संमती लागत नाही, मात्र बदली लोकहितासाठीच हवी, शिक्षा म्हणून नको, आणि सरन्यायाधीशांशी होणारी सल्लामसलत खरीखुरी हवी, सगळी माहिती पुढे ठेवून केलेली.

तिसरं दार सर्वांत लहान आणि म्हणून सर्वांत सोयीचं. उच्च न्यायालयात काम साचलं तर दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी अतिरिक्त न्यायाधीश नेमता येतो. प्रत्यक्षात पुढे कायम होणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात अशीच व्हायची. कायम करायचं की नाही हे सरकारच्या हातात. अशा माणसाला काढण्यासाठी ना गैरवर्तन सिद्ध करावं लागतं, ना दोन तृतीयांश मतं. मुदत संपू द्यायची, बस्स. आपल्याकडचं उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश उ. र. लळीत यांचं. आणीबाणीत जामीन दिल्यानंतर त्यांना कायम केलं गेलं नाही. ते पुन्हा वकिलीकडे वळले. त्यांचे चिरंजीव उदय लळीत 2022 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, हा पुढचा योगायोग.

आता या तिसऱ्या दारातला एक प्रसंग जरा सावकाश पाहू, कारण 'सल्लामसलत' म्हणजे नेमकं काय हे त्यातच उघड झालं.

मार्च 1981 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश एस. एन. कुमार यांची मुदत संपत होती. त्यांना वाढ मिळाली ती अवघ्या तीन महिन्यांची. विचार करा, तीन महिन्यांच्या मुदतीवर बसलेला न्यायाधीश सरकारविरुद्धचा अर्ज ऐकतो आहे. त्याच महिन्यात केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी मुख्यमंत्र्यांना परिपत्रक धाडलं: तुमच्याकडच्या अतिरिक्त न्यायाधीशांकडून, दुसऱ्या कुठल्याही उच्च न्यायालयात जायला तयार असल्याची संमती लिहून घ्या आणि पसंतीची तीन नावंही घ्या. ज्याला कायम व्हायचं आहे त्याच्याकडून आधी बदलीचा कागद सही करून घ्यायचा, असा त्याचा अर्थ. मुंबईत इक्बाल छागला आणि त्यांच्या सहकारी वकिलांनी या परिपत्रकाविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. दिल्ली आणि अलाहाबादहूनही याचिका आल्या. अलाहाबादच्या याचिकाकर्त्याच्या नावावरून या सगळ्यांचा मिळून एस. पी. गुप्ता खटला झाला.

जूनमध्ये कुमार यांची मुदत संपली, ती वाढवली नाही. कुमार यांच्याबद्दल दोन सरन्यायाधीशांची मतं परस्परविरोधी होती. दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती म्हणत होते, यांना वाढ देऊ नका. भारताचे सरन्यायाधीश, आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, म्हणत होते, यांच्याविरुद्ध ठोस काही नाही, वाढ द्या. घटनेप्रमाणे सल्ला दोघांचाही घ्यायचा होता आणि सरकारने तो घेतला होता. मग त्यातला जो हवा तो उचलला. दोन सल्लागार असतील आणि कोणाचाच सल्ला बंधनकारक नसेल, तर ठरवणारा तिसराच असतो.

न्यायालयापुढे प्रश्न आला की ही पत्रं दाखवायची का. सरकारने गोपनीयतेचा दावा केला. सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो फेटाळला आणि कायदामंत्री व दोन्ही न्यायमूर्ती यांच्यातला पत्रव्यवहार उघड झाला. कोणी कोणाबद्दल काय लिहिलं, कशाच्या आधारावर लिहिलं, हे देशाला वाचायला मिळालं. 30 डिसेंबर 1981 च्या निकालात बहुमताने पुढे सांगितलं की सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे. सबळ कारण असेल तर सरकार सरन्यायाधीशांचं मत बाजूला ठेवू शकतं. कुमार यांना जागा मिळाली नाही. अर्थ 1949 चाच राहिला, पण त्यामागचे कागद लोकांनी पाहिले होते.

बारा वर्षांनी चक्र उलटं फिरलं. 6 ऑक्टोबर 1993 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं की नेमणुकीत सरन्यायाधीशांचं मत वरचढ राहील. हे मत एकट्याचं नसेल, ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलून बनलेलं असेल. इथून कॉलेजियम, म्हणजे न्यायवृंद, सुरू झाला. 1998 च्या निकालाने त्याची संख्या नक्की झाली: सर्वोच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ, उच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि दोन. थोडक्यात, 1949 मध्ये फेटाळलेला पोकर साहेबांचा शब्द 1993 मध्ये न्यायालयाने घटनेत वाचून काढला. संसदेत त्यावर मतदान झालं नाही. घटनेत आजही 'सल्लामसलत'च छापलेलं आहे.

या निकालाशी असहमत असलेल्यांत न्या. अझीझ मुशब्बर अहमदी होते. त्यांचं म्हणणं साधारण असं की शब्दांचा सरळ अर्थ असा होत नाही. असा बदल हवा असेल तर घटनादुरुस्ती करा, निकालातून नको. 1949 मध्ये एका मुस्लिम वकिलाने जे मागितलं, ते 1993 मध्ये मिळालं तेव्हा एका मुस्लिम न्यायाधीशाने म्हटलं की हे या मार्गाने मिळायला नको. मला दोघेही प्रिय आहेत. दोघांनीही आपल्या समाजाला काय सोयीचं असा हिशेब न करता संस्थेचा विचार केला.

मग पोकर साहेबांचा विजय झाला का? अर्धाच. न्यायवृंदाला निवडीचा अधिकार मिळाला, पण नेमणुकीच्या कागदावरची सही सरकारकडेच राहिली आणि ती किती दिवसांत करायची याची मुदत घटनेत नाही. म्हणून नकार न देता शिफारस पडू देणं हे नवं मागचं दार झालं. न्या. अकील कुरेशी यांचं उदाहरण घ्या. ते गुजरात उच्च न्यायालयातून 2018 मध्ये मुंबईला बदलून आले. मे 2019 मध्ये न्यायवृंदाने त्यांचं नाव मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तीपदासाठी पाठवलं. इतर नावं मंजूर झाली, हे अडकलं. ऑगस्टमध्ये सरकारची दोन पत्रं आली. सप्टेंबरमध्ये न्यायवृंदाने आपलीच शिफारस बदलली आणि त्यांना त्रिपुरात पाठवायचं ठरवलं. मध्य प्रदेशचं न्यायालय मोठं, त्रिपुराचं देशातल्या सर्वांत लहान न्यायालयांपैकी एक. 2022 मध्ये ते राजस्थानचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून निवृत्त झाले, सर्वोच्च न्यायालयात गेले नाहीत. त्यांनी 2010 मध्ये सोहराबुद्दीन प्रकरणात गुजरातचे तेव्हाचे गृहराज्यमंत्री अमित शहा यांना सीबीआय कोठडी दिली होती. शहा पुढे 2014 मध्ये या खटल्यातून आरोपमुक्त झाले. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं अनेक वकिलांनी तेव्हा उघड म्हटलं. मी तो सिद्ध झाला असं म्हणत नाही. कारण तो सिद्ध किंवा खोटा ठरवायला लागणारा कागदच आपल्यापुढे नाही. न्यायवृंदाच्या ठरावात सरकारच्या दोन पत्रांचा उल्लेख आहे, त्यांतला मजकूर नाही.

1981 शी ताडून पाहा. तेव्हा न्यायालयाने निवडीचा शेवटचा शब्द सरकारला दिला, पण पत्रं उघडून दाखवली. 2019 मध्ये निवडीचा शब्द न्यायालयाकडे होता आणि पत्रं बंद राहिली. आपल्याच लोकांत ही गोष्ट 'कुरेशी नाव होतं म्हणून' एवढ्यावर संपवली जाते. मला ते अपुरं वाटतं. लळीत, कुमार, शेठ, खन्ना यांची नावं वेगळी होती आणि दारं तीच होती. नावाने फरक पडतच नाही असा माझा दावा नाही. दार उघडं असेल तर त्यातून कोणालाही बाहेर काढता येतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

2014 मध्ये संसदेने जवळजवळ एकमताने न्यायिक नियुक्ती आयोग आणला. त्यात सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती असणार होत्या. त्या दोघांपैकी एक अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांतून येणार होती. पण कोणतेही दोन सदस्य नेमणूक रोखू शकत होते, म्हणजे न्यायाधीशांचा एकत्र शब्दही पडू शकत होता. 16 ऑक्टोबर 2015 रोजी चार विरुद्ध एक अशा मताने न्यायालयाने आयोग रद्द केला. एकटे न्या. चेलमेश्वर वेगळे राहिले. न्यायवृंदाचं काम बाहेर कोणाला दिसत नाही, ही त्यांची तक्रार होती.

आज मागे वळून पाहताना मला 24 मे 1949 च्या चर्चेत दोन्ही बाजू बरोबर दिसतात. सरकारच्या हाती शेवटचा शब्द दिला तर काय होईल, हे पोकर साहेबांनी आणीबाणीच्या सव्वीस वर्षं आधी ओळखलं. न्यायाधीशाच्या हाती तो दिला तर काय होईल, हे बाबासाहेबांनी कॉलेजियमच्या चव्वेचाळीस वर्षं आधी ओळखलं. दोघांची भांडणं शेवटी 'कोण' या प्रश्नावर होती, आणि आपणही सत्तर वर्षं तिथेच अडकलो. मला वाटतं, 1981 मध्ये अपघाताने सापडलेला प्रश्न जास्त कामाचा आहे: ज्याने नाव रोखलं त्याने कारण लिहिलं का, किती दिवसांत लिहिलं, आणि ते कारण ज्याच्याबद्दल आहे त्याला आणि आपल्याला वाचता येतं का? सरकार निवडो वा न्यायवृंद, या तीन प्रश्नांची उत्तरं दोघांकडूनही मागता येतात.

त्या सद्गृहस्थांना पुढच्या वेळी भेटलो तर एवढंच सांगेन, की घटना समितीत मुस्लिम सभासदांनी हेही मागितलं होतं.